डेरिव्हेटिव्हचे आठ आठवडे

माझा भाचा झाशीला रेल्वेच्या मालडबे दुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. वय तेहतीस, मेकॅनिकलची पदवी घेऊन अकरा वर्षं झालेली. गणपतीत त्याच्याकडे गेलो होतो. आरती झाल्यावर सगळे मोदकांवर तुटून पडले होते, तेव्हा हा मला गच्चीवर घेऊन गेला आणि म्हणाला, "मामा, गेट द्यायचीय. थर्मो, मशीन डिझाइन वाचलं की आठवतं. पण डेरिव्हेटिव्ह पार धुऊन निघालंय." मी जन्मभर पोरांना गणित शिकवलं, त्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं हे ओघानं आलंच. आम्ही दोघांनी मिळून जो आठ आठवड्यांचा बेत केला, तो इथे देतोय. नोकरी सांभाळून परीक्षेला बसणाऱ्या कुणालाही तो थोड्या फेरफारानं चालेल.

आधी परीक्षेबद्दल, कारण अनेकांचा इथेच घोळ होतो. बारावी होऊन बरीच वर्षं झाली असतील, तर जेईई मेनचं दार बंद असतं. तिथे वयाची अट नाही, पण बारावी त्या वर्षी किंवा फार तर आधीच्या दोन वर्षांत झालेली लागते. पदवीधर नोकरदारासाठी खरी वाट म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची गेट. तिला वयाची अट नाही आणि मिळालेला स्कोअर तीन वर्षं चालतो. मेकॅनिकलच्या पेपरात तीन तासांत ६५ प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यातले १५ गुण अॅप्टिट्यूडचे, १३ इंजिनिअरिंग गणिताचे, उरलेले विषयाचे. त्या तेरांत रेषीय बीजगणित आणि प्रोबॅबिलिटीसुद्धा येते, म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या वाट्याला थेट फार गुण नाहीत. पण डिफरन्शियल इक्वेशन, व्हेक्टर कॅल्क्युलस आणि हीट ट्रान्सफर यांची गाडी त्याच्यावाचून अडते. म्हणून त्याला आठ आठवडे द्यायचे, नववा द्यायचा नाही.

वेळेचा हिशेब आम्ही असा धरला: शिफ्ट कुठलीही असो, आठवड्यातले पाच दिवस पन्नास मिनिटं आणि रविवारी दोन तास. एकूण पन्नासेक तास होतात. अनंत चतुर्दशीनंतर सुरुवात केली, म्हणजे फेब्रुवारीतल्या परीक्षेआधी बाकी विषयांना जागा राहते. दिवाळीचा आठवडा मध्ये आडवा येतो, तो मोजायचाच नाही. फराळ खात वही उघडली तर वही तुपकट होते, दुसरं काही होत नाही. एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी शंभर मिनिटं बसायचं नाही, हाही नियम केला. रात्रपाळीनंतरच्या दुप्पट अभ्यासात चुकाच घोटल्या जातात.

पुस्तकं तीनच. बारावीच्या एनसीईआरटीच्या गणिताचा पहिला भाग (त्यातलं पाचवं आणि सहावं प्रकरण), ग्रेवालांचं हायर इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स आणि गेटचे जुने पेपर. एनसीईआरटीची नवी, छाटलेली आवृत्ती असेल तर तिच्यातून मीन व्हॅल्यू थिअरम गेलेलं आहे आणि गेटच्या अभ्यासक्रमात ते आहे. तेवढं ग्रेवालांतून घ्या.

पहिल्या आठवड्यात डेरिव्हेटिव्हला हातच लावायचा नाही. भाच्याला हे पटेना. मग मी त्याला चाळीस मिनिटांत सोडवायची दहा साधी उदाहरणं दिली: (x+h)³ चा विस्तार, दोन अपूर्णांकांची बेरीज, ln चे नियम, sin 2x, घातांक. त्यात एक होतं: 1/(3√x) हे x च्या घातात लिहा. त्यानं लिहिलं 3x^(-1/2). छेदातला √x वर नेताना त्यानं 3 सुद्धा बरोबर उचलून नेला. बरोबर उत्तर (1/3)x^(-1/2). आता यापुढे त्यानं घाताचा नियम अगदी बिनचूक लावला, तरी डेरिव्हेटिव्ह येणार -(3/2)x^(-3/2), आणि खरं आहे -(1/6)x^(-3/2). बरोबर नऊ पटीनं चूक. हा माणूस घरी बसून "माझं डेरिव्हेटिव्ह कच्चं आहे" असं म्हणत बसला असता आणि सूत्रं पाठ करत राहिला असता.

परत शिकायला बसलेल्या मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा हेच होतं. सूत्रं दोन दिवसांत परत येतात, कारण ती पूर्वी पाठ होती. हात गेलेला असतो तो बीजगणितातून. त्यामुळे पहिला आठवडा घातांक, लॉग, अपूर्णांक आणि त्रिकोणमितीतली पाच-सहा सूत्रं यांचा. रोज पंधरा उदाहरणं सोडवायची आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायचा.

दुसऱ्या आठवड्यात व्याख्या. x², 1/x आणि √x या तिघांचे डेरिव्हेटिव्ह मर्यादा घेऊन, हातानं, एकेकदाच काढा. √x ला अंश-छेदाला √(x+h)+√x नं गुणावं लागतं, तिथे पहिल्या आठवड्याचा पैसा वसूल होतो. मग मूळ सूत्रांचा एक तक्ता स्वतःच्या हातानं करा: x^n, e^x, ln x, sin, cos, tan, आणि खाली गुणाकाराचा व भागाकाराचा नियम. छापील तक्ता भिंतीला लावू नका. त्यात चाळीस सूत्रं असतात आणि पुढे लागणारी बाकीची या आठांतून निघतात.

याच आठवड्यात एक हत्यार हाती घ्यायचं, जे आपल्याकडच्या वर्गांत क्वचितच देतात. स्वतः काढलेलं उत्तर बरोबर आहे का, हे पुस्तकाचं शेवटचं पान न उलटता कळण्याची सोय आहे. डेरिव्हेटिव्ह म्हणजे चढ. मग x च्या जरा पुढे आणि जरा मागे फंक्शनची किंमत काढा, वजाबाकी करा आणि मधल्या अंतरानं भागा:

```
( f(x+0.001) - f(x-0.001) ) / 0.002
```

हा आकडा आणि तुमच्या सूत्रातून आलेला आकडा तिसऱ्या-चौथ्या दशांशापर्यंत जुळले, तर उत्तर बहुधा बरोबर. गेटमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. म्हणून सरावसुद्धा त्याच्यावरच करा. 0.001 पुरेसं आहे. जास्त अचूकपणाच्या हौसेनं शून्यावर शून्यं वाढवलीत, तर जवळजवळ सारख्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत कॅल्क्युलेटरचे शेवटचे अंकच गळून पडतात आणि उत्तर बिघडतं.

या हत्यारानं भाच्याला पहिल्याच दिवशी दगा दिला. sin x चा डेरिव्हेटिव्ह cos x, हे तर त्याला झोपेतही माहीत. x = 1 घेऊन तपासलं तर आकडा आला 0.01745. यायला हवा होता 0.5403. रात्री साडेदहाला फोन. "मामा, तुमची युक्ती फसली." मी विचारलं, "Deg आहे की Rad?" दोन क्षण शांतता. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर सुरू होताना Deg वर असतो, Rad तुम्हाला निवडावा लागतो. sin चा डेरिव्हेटिव्ह cos हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे, अंशांत घेतलं तर π/180 नं गुणावं लागतं. याची ओळखही सोपी आहे. सूत्राची किंमत आणि तपासणी, दोन्ही त्याच कॅल्क्युलेटरवर काढून त्यांच्यात 57.3 पटीचा फरक दिसला, तर सूत्राला हात लावू नका, बटण बदला. आणि π मधलं काही मोजताना परीक्षेतसुद्धा आधी तिकडे एक नजर टाका.

तिसरा आणि चौथा आठवडा, दोन्ही चेन रूलचे. इथे मी कंजुषी करू देत नाही. चेन रूल न येणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण तो लावायचा राहून गेलेले शेकड्यांनी पाहिलेत. sin²(3x) घ्या. यात तीन थर आहेत: सगळ्यात बाहेर वर्ग, त्याच्या आत sin, त्याच्या आत 3x. बाहेरून आत सोलत जायचं: वर्गाचे 2 sin(3x), sin चा cos(3x), 3x चा 3. तिघांचा गुणाकार 6 sin(3x) cos(3x), म्हणजेच 3 sin(6x). आता x = 0.2 ला, रेडियनमध्ये, याची किंमत 2.796 आणि वरच्या तपासणीतूनही 2.796 येते. आतल्या 3x चा 3 विसरलात तर 0.932 येईल आणि मधला cos गाळलात तर 3.388. म्हणजे तपासणी नुसतं "चूक" म्हणून थांबत नाही, नेमका कुठला थर सुटला तेही सांगते. उत्तर बरोबर तिप्पट किंवा तिसरा हिस्सा दिसलं की आतल्या 3 वरच संशय घ्यायचा.

सुरुवातीचे पाच-सहा दिवस डेरिव्हेटिव्ह न काढता फक्त थर लिहायचे. एका पानावर तीस फंक्शन्स आणि प्रत्येकासमोर बाहेरून आत थरांची नावं. ln(cos x²), e^(sin 2x), √(1+tan x), (ln x)³ आणि त्याच्या शेजारी मुद्दाम ln(x³). शेवटच्या दोघांत वर्षानुवर्षं हुशार पोरंही घसरतात. (ln x)³ ला बाहेरचा थर घन आहे, ln(x³) ला बाहेरचा थर लॉग आहे आणि तो तर लॉगच्या नियमानं सरळ 3 ln x होतो. भाच्याला हे थर लिहिणं पोरखेळ वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यानंच वहीच्या समासात लिहिलं होतं: "आधी बाहेरचा नट, मग वॉशर, मग बोल्ट." कारखान्यातल्या माणसाला याहून चांगली आठवण मी काय देणार?

याच दोन आठवड्यांत चुकांची वही सुरू करा. चुकलेलं उदाहरण, नेमकी कुठल्या ओळीत चूक झाली, आणि ती कुठल्या जातीची: बीजगणिताची, थर सुटल्याची की प्रश्न नीट न वाचल्याची. "सिली मिस्टेक" असा शेरा मारायला बंदी. तेच उदाहरण तीन दिवसांनी कोऱ्या कागदावर, आधीचं न बघता सोडवायचं आणि पुन्हा दहा दिवसांनी. चौथ्या आठवड्याच्या शेवटी भाच्याच्या वहीत अठरा चुका होत्या. त्यातल्या अकरा बीजगणिताच्या आणि सहा थरांच्या. सूत्र विसरल्यामुळे झालेली चूक अख्ख्या वहीत एक निघाली.

पाचवा आठवडा हलका आहे. इम्प्लिसिट, पॅरामेट्रिक आणि लॉग घेऊन काढायचे डेरिव्हेटिव्ह. इथे एकच खड्डा सांगतो. x^x ला घाताचा नियम लावला की x·x^(x-1) येतं, म्हणजे परत x^x च. x = 2 ला ते 4. खरं उत्तर x^x(1+ln x), म्हणजे 6.773. घाताचा नियम घात स्थिर असेल तरच चालतो आणि e^x चा नियम पाया स्थिर असेल तरच. दोन्ही हलत असतील तर आधी दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा. दिवाळी या सुमारास येते. यातलं थोडं राहिलं तरी पुढे नेता येतं.

सहावा आठवडा मॅक्सिमा-मिनिमाचा. झाशीच्या मुलखात कालव्याचं पाणी म्हणजे बेतवेचं. परीछाला बेतवेवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंधारा बांधला आणि तिथून कालवा काढला. म्हणून मी उदाहरणही कालव्याचंच दिलं. आयताकृती कालवा, पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ ८ चौरस मीटर ठरलेलं. तळाची रुंदी b आणि पाण्याची खोली y किती ठेवली, तर पाण्याला लागणारी भिंत आणि तळ मिळून कमीत कमी होतील? ओलं होणारं अंतर जितकं कमी, तितकं घर्षण कमी आणि अस्तराचा खर्चही कमी.

अंतर P = b + 2y. पण b आणि y मोकळे नाहीत, by = 8 आहे. तेव्हा b = 8/y घालून P = 8/y + 2y. डेरिव्हेटिव्ह -8/y² + 2. तो शून्य केला की y = 2, b = 4, P = 8. दुसरा डेरिव्हेटिव्ह 16/y³, y = 2 ला 2, धन आहे, म्हणून हे कमीत कमीच. रुंदी खोलीच्या दुप्पट हा हायड्रॉलिक्समधला पाठ केलेला नियम इथे तीन ओळींत निघाला. खरा मातीचा कालवा असा उभ्या काठांचा नसतो, काठ ढासळतील म्हणून ते उतरते ठेवतात. पण परीक्षेत आयत बराच चालतो.

या प्रश्नात लोक डेरिव्हेटिव्हला अडत नाहीत. अडतात ते b ची जागा y नं भरण्यात, म्हणजे दोन अक्षरांचं एक अक्षर करण्यात. म्हणून या आठवड्यातल्या निम्म्या उदाहरणांत फक्त एका अक्षरातलं फंक्शन लिहून थांबा आणि पुढच्याकडे वळा. दुसरा खड्डा टोकांचा. x³ - 3x ची [0, 3] मधली सर्वांत मोठी किंमत विचारली, तर डेरिव्हेटिव्ह शून्य होतो x = 1 ला आणि तिथे किंमत आहे -2. टोकांना 0 आणि 18. उत्तर 18, जिथे डेरिव्हेटिव्ह शून्य नाहीच. "बंद अंतराल" दिसला की टोकं तपासल्याशिवाय उत्तर भरू नका.

सातव्या आठवड्यात गर्दी आहे: डिफरन्शिएबिलिटी, लोपितालचा नियम, मीन व्हॅल्यू, टेलर, मग पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि ग्रेडियंट. इथे सगळं पक्कं होणार नाही, आणि तो हट्ट धरू नका. तीन गोष्टी मात्र हातात पाहिजेत. लोपितालचा नियम लावण्याआधी खरंच 0/0 किंवा ∞/∞ येतंय का, ते किंमत घालून बघा. (x²+1)/(x+1) ची x → 1 ला मर्यादा 1 आहे, पण डोळे झाकून नियम लावला तर 2 येते. दुसरी, |x| चा शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह नाही. आणि सावध राहा, आपलं तपासणीचं हत्यार इथे खोटं बोलतं. 0.001 आणि -0.001 ला |x| सारखाच असल्यानं वजाबाकी शून्य आणि उत्तर 0, जणू तिथे सपाट रस्ता आहे. टोकदार जागी पुढचा चढ आणि मागचा चढ वेगवेगळा काढा. इथे पुढचा 1 आणि मागचा -1. ते जुळले नाहीत की डेरिव्हेटिव्ह नाही.

तिसरी गोष्ट डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हची. x²y चा (1, 2) पाशी, 3i + 4j या दिशेनं. ग्रेडियंट (2xy, x²), म्हणजे (4, 1). दिशेची लांबी 5, म्हणून एकक दिशा (0.6, 0.8). गुणाकार करून 2.4 + 0.8 = 3.2. पाचनं भागायला विसरलात तर 16 येतं, आणि पर्यायांत 16 असण्याची दाट शक्यता असते.

आठव्या आठवड्यात नवीन काही नाही. जुन्या पेपरांतले डेरिव्हेटिव्हचे प्रश्न उलटसुलट मिसळून, घड्याळ लावून सोडवा. एका प्रश्नाला सरासरी पावणेतीन मिनिटं मिळतात. तपासणी प्रत्येकाला करत बसलात तर वेळ पुरणार नाही. मी ती दोन ठिकाणी राखून ठेवायला सांगतो. एक, जिथे पर्याय नसून आकडा भरायचा असतो. तिथे उणे गुण नाहीत, पण चूक पकडून देणारा पर्यायही समोर नसतो. दुसरं, जिथे चार पर्याय फंक्शनच्या रूपात असतात. तिथे डेरिव्हेटिव्ह न काढता x ला एखादी सोयीची किंमत देऊन तपासणीचा आकडा काढा आणि कुठला पर्याय तो देतो ते बघा. एक गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नात चुकलं तर एक तृतीयांश गुण जातो, दोन गुणांच्या प्रश्नात दोन तृतीयांश. तेव्हा दोन पर्यायांत अडकलात तर हे एक मिनिट परवडतं.

शेवटच्या रविवारी भाच्यानं वीस प्रश्न एका बैठकीत सोडवले. चौदा बरोबर आले. सहा चुकांपैकी तीन परत बीजगणिताच्या, दोन वेळेअभावी सोडलेल्या आणि एक 57.3 पटीची. "हे मला माहीत होतं," तो कपाळावर हात मारून म्हणाला. त्यानं Rad हा शब्द कंपासच्या झाकणावर मार्करनं लिहिला. परीक्षेच्या खोलीत कंपास नेता येणार नाही हे मी त्याला सांगितल्यावर, कच्च्या कामाच्या कागदावर पहिल्या ओळीत तोच शब्द लिहायचा, असं ठरलं.